कागद ऑर्डरच्या वेळी, पैशाच्या वेळी नव्हे

कोल्हापूरच्या एका कारखान्याने पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घ्यायचे ठरवले, असे समजू. स्टॉल उभारून देणारा ठेकेदार नवा आहे. भाव ठरला दोन लाख रुपये आणि वर जीएसटी. त्यातले एक लाख आगाऊ द्यायचे. प्रदर्शन आठ दिवसांवर आले आहे. ठेकेदार फोनवर म्हणतो, "साहेब, आधी अ‍ॅडव्हान्स सोडा, प्लायवूड उचलायचे आहे. कागद सावकाश पाठवतो." अकाउंट्सवाले म्हणतात, "पॅन, जीएसटी आणि कॅन्सल चेक आल्याशिवाय रुपयाही जाणार नाही." मार्केटिंगचा माणूस दोघांच्या मध्ये सापडतो आणि शेवटी मालकाला फोन करून म्हणतो, आपले अकाउंट्स काम होऊ देत नाही.

असे भांडण झाले की आपण दोनपैकी एक बाजू घेतो. एकतर कागद मागणे हा बाबूगिरीचा प्रकार ठरतो, नाहीतर कागद न देणारा ठेकेदार संशयित ठरतो. मला दोन्ही चुकीचे वाटते. कागद मागायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पैसे सोडायच्या दिवशी ते मागणे म्हणजे आपला हलगर्जीपणा दुसऱ्याच्या गळ्यात घालणे आहे. ज्या दिवशी भाव ठरला आणि पर्चेस ऑर्डर निघाली, त्याच दिवशी ते मागायला हवे होते. त्या दिवशी दोघांनाही नाही म्हणायची मोकळीक होती. ठेकेदाराने माल उचलल्यावर, स्टॉलची चौकट उभी राहिल्यावर ती मोकळीक उरत नाही, आणि मग प्रत्येक कागद ही अडवणूक वाटू लागते.

हे कागद नेमके कशासाठी असतात, हे मागणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते. व्हेंडर फॉर्म छापलेला असतो, रकाने भरून घ्यायचे, फाइलला लावायचे. प्रत्यक्षात पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेचा तपशील हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

पॅनपासून सुरुवात करू. स्टॉल उभारणे हे ठेक्याचे काम आहे, त्यावर टीडीएस कापावा लागतो. एका वेळची रक्कम तीस हजारांहून जास्त असेल, किंवा वर्षभरातली एकूण रक्कम एक लाखाहून जास्त होणार असेल, तर कपात लागू होते. ठेकेदार व्यक्ती असेल, म्हणजे मालकीचा धंदा असेल, तर एक टक्का. भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. पॅनच दिला नाही, तर वीस टक्के. आणि ही कपात बिल आल्यावर नाही, तर पैसे देणे किंवा खात्यात जमा धरणे यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी करायची असते. म्हणजे अ‍ॅडव्हान्स सोडतानाच. आपल्या उदाहरणात ठेकेदाराचा मालकीचा धंदा आहे असे धरले, तर एक लाखाच्या अ‍ॅडव्हान्सवर पॅन असेल तर एक हजार कापून 99 हजार जातील; पॅन नसेल तर वीस हजार कापून 80 हजार. आता मार्केटिंगच्या आग्रहाखातर कारखान्याने पॅनशिवायच एक हजार कापून 99 हजार पाठवले, तर उरलेले 19 हजार आयकर खाते ठेकेदाराकडे नाही, कारखान्याकडे मागते, आणि त्यावर व्याजही लावते. तोवर प्रदर्शन संपलेले असते आणि ठेकेदार पुढच्या शहरात पोहोचलेला असतो.

पॅन कार्डाचा फोटो आला म्हणजे काम झाले, असेही नाही. आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय ठरतो, आणि 1 जुलै 2023 पासून अशा पॅनवरही जवळजवळ पॅन नसल्यासारखीच कपात करावी लागते. कार्डावर हे कुठेच दिसत नाही. आयकर पोर्टलवर पॅनची स्थिती तपासायला फार वेळ लागत नाही, पण ती तपासतात फार थोडे लोक. पॅनचे चौथे अक्षरही बोलके असते: व्यक्तीसाठी P, कंपनीसाठी C, फर्मसाठी F. ठेकेदार "आमची कंपनी" म्हणत असेल आणि पॅनमध्ये चौथे अक्षर P असेल, तर त्यात फसवणूक नाही, आपल्याकडे सगळेच आपल्या धंद्याला कंपनी म्हणतात. पण कपातीचा दर त्या अक्षरावरून ठरतो, तोंडी सांगण्यावरून नाही.

जीएसटी क्रमांकात हाच पॅन दडलेला असतो. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून दहा अक्षरे जुळतात का, हे पाहणे ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. ती जुळली नाहीत, तर एकतर टायपिंगची चूक आहे किंवा बिल एका माणसाचे आणि नोंदणी दुसऱ्याची आहे. मोठ्या भावाच्या नोंदणीवर धाकट्याने बिले काढायची, हा प्रकार सर्रास चालतो, आणि पुढे कर भरायच्या वेळी तोच अंगाशी येतो.

खरी गोष्ट मात्र क्रमांकात नाही, त्याच्या आजच्या स्थितीत असते. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणी चालू आहे की निलंबित की रद्द, नोंदणी नियमित आहे की कंपोझिशनची, आणि विवरणपत्रे भरली की नाहीत, हे सगळे कोणालाही, लॉगिन न करता, दिसते. फाइलमधले तीन वर्षांपूर्वीचे नोंदणी प्रमाणपत्र यातले काहीही सांगत नाही. आपल्या दोन लाखांच्या कामावर अठरा टक्क्यांनी 36 हजार जीएसटी लागेल. हे 36 हजार कारखाना आपल्या करातून वळते करून घेतो, पण एका अटीवर: ठेकेदाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवले पाहिजे आणि ते कारखान्याच्या 2बी मध्ये उतरले पाहिजे. 1 जानेवारी 2022 पासून 2बी मध्ये नसलेल्या बिलाचे इनपुट घेता येत नाही. म्हणून विवरणपत्रांच्या रकान्यात मागचे चार महिने कोरे दिसले, तर ती आपल्या 36 हजारांची आगाऊ सूचना आहे. कंपोझिशनवाल्याला तर बिलात कर लावायचा अधिकारच नाही. त्याने लावला आणि आपण दिला, तर तो पैसा गेला.

इथे एक गैरसमज लहान माणसांना फार महागात पडतो. पुष्कळ कंपन्यांच्या फॉर्मवर जीएसटी क्रमांकाचा रकाना सक्तीचा असतो. तो भरला नाही तर संगणक पुढे जाऊ देत नाही. पण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर आपल्याकडे त्याला नोंदणीची सक्ती नाही. माल विकणाऱ्यासाठी, राज्यातल्या राज्यात, ती मर्यादा चाळीस लाखांची आहे. म्हणजे फॉर्म कायद्यापेक्षा कडक आहे, आणि त्याचा तोटा बचत गटाच्या बाईला, एकट्याने डिझाइन करणाऱ्या मुलाला, नुकत्याच सुरू झालेल्या वर्कशॉपला होतो. कंपन्या कारण देतात की आम्हाला इनपुट मिळत नाही. हिशेब करून पाहा. नोंदणीकृत ठेकेदार दोन लाख अधिक 36 हजार घेतो, त्यातले 36 हजार आपण वळते करतो, आपल्याला काम दोन लाखांना पडते. नोंदणी नसलेला दोन लाख घेतो, कर लावत नाही, वळते काही करायचे नाही, काम दोन लाखांनाच पडते. जिथे पूर्ण इनपुट मिळते, तिथे नोंदणी नसणे हे नुकसान नाहीच. त्याच्याकडून पॅन आणि "माझी उलाढाल मर्यादेखाली आहे, मी नोंदणी केलेली नाही" असे सहीचे एक पत्र एवढे पुरते. त्या रकान्याला "लागू नाही" असा पर्याय देणे हे एका दुपारचे काम आहे आणि ते प्रत्येक संस्थेने करावे, असे मला मनापासून वाटते.

आता तिसरा प्रश्न, पैसे कुठे जाणार. पहिल्या दोन चुका कराच्या असतात. त्या भरून निघतात, दंड होतो, व्याज लागते, पण हिशेब राहतो. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम मात्र परत येण्याची खात्री कोणी देत नाही. आणि या बाबतीत बहुतेकांना एक मूळ गोष्ट ठाऊक नसते. नेफ्ट किंवा आरटीजीएस करताना आपण लाभार्थीचे नाव लिहितो, म्हणून बँक ते पडताळत असेल असे आपल्याला वाटते. पण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2010 मध्येच बँकांना मुभा दिली की पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा करावेत. नाव सरळ लिहा की चुकीचे लिहा, खाते क्रमांक आणि आयएफएससी बरोबर असले की पैसे जातात. क्रमांक बरोबर असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये बँकांना सांगितले की 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस आणि नेफ्टसाठी खात्याचे नाव आधी दाखवण्याची सोय द्यावी. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की बँकेच्या नोंदीतले नाव दिसते. ज्यांच्या बँकेत ही सोय नीट चालते त्यांनी ती वापरावी. नाहीतर आयएमपीएसने एक रुपया पाठवून परत येणारे नाव पाहावे. कॅन्सल चेकची जागा यामुळे दुसरी होते. चेकचा फोटो संगणकावर बदलता येतो, बँकेच्या नोंदीतले नाव बदलता येत नाही.

पण नाव जुळले म्हणजे सगळे संपले, असेही समजू नये. नाव न जुळण्याचे प्रामाणिक कारण आपल्या छोट्या धंद्यांत रोज भेटते. मालकीच्या धंद्यात पॅन मालकाच्या नावावर असतो, खाते दुकानाच्या नावावर असते, आणि जीएसटीत दोन्ही नावे असतात, एक कायदेशीर, एक व्यापारी. जीएसटी पोर्टलवर कायदेशीर नाव पॅनशी आणि व्यापारी नाव बँकेच्या नावाशी जुळले, तर साखळी पूर्ण झाली. नोंदणी नसलेल्याच्या बाबतीत उद्यम प्रमाणपत्र किंवा दुकानाचा परवाना हा मधला दुवा होतो. काहीच मिळाले नाही, तर मालकाच्या स्वतःच्या बचत खात्यात पैसे घ्यायला सांगावे. बहुतेक जण आनंदाने तयार होतात. बायकोच्या, मेहुण्याच्या, "आमच्याच दुसऱ्या फर्मच्या" खात्यात पैसे टाकायला सांगणाऱ्याला मात्र नाही म्हणावे. बिल एकाचे आणि पैसे दुसऱ्याला हा व्यवहार टीडीएसमध्येही अडकतो आणि पुढे वाद झाला तर आपण पैसे दिल्याचेही सिद्ध होत नाही.

उलट नाव अगदी तंतोतंत जुळूनही फसवणूक होते. याचे जगभर गाजलेले उदाहरण गूगल आणि फेसबुकचे आहे. लिथुएनियाच्या एव्हाल्डास रिमासॉस्कस याने लाटव्हियात एक कंपनी नोंदवली, तिचे नाव तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराचेच ठेवले, त्या नावाने लाटव्हिया आणि सायप्रसमध्ये खाती उघडली, आणि 2013 ते 2015 या काळात या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना खोटी बिले आणि ईमेल पाठवून बारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. 2019 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. खात्यावरचे नाव बरोबर होते. कागद, शिक्के, सह्या सगळे होते. चुकीची होती ती फक्त पत्रव्यवहाराची दुसरी बाजू.

म्हणून बँकेचा तपशील कोणत्या वाटेने आला, याला त्या तपशिलाइतकेच महत्त्व आहे. ईमेलमध्ये खाते क्रमांक आला तर त्याच ईमेलच्या खाली छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करणे निरुपयोगी आहे. चोरानेच ईमेल पाठवला असेल तर फोनही तोच उचलेल. ज्याने भाव ठरवला, ज्याने ठेकेदाराला प्रत्यक्ष पाहिले, त्याच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, किंवा जीएसटीवर नोंदलेल्या पत्त्यावर जाऊन, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ठेकेदाराच्या तोंडून ऐकायचे. आपण वाचून दाखवायचे आणि त्याने हो म्हणायचे, असे नाही. आणि मास्टरमध्ये खाते भरणारा एक, तपासून मंजूर करणारा दुसरा. तीन माणसांच्या ऑफिसातही हे जमते: एक भरतो, मालक मंजूर करतो. भाव ठरवणाऱ्यानेच खातेही भरले, तर बाहेरच्या चोराची गरज उरत नाही. हीच शिस्त खाते बदलण्याच्या प्रत्येक विनंतीला दुप्पट लागू आहे, कारण पहिल्या वेळी माणूस सावध असतो, दहाव्या बिलाला नसतो.

आता वेळेकडे परत येऊ, कारण माझा मुख्य आग्रह तिथेच आहे. वरच्या सगळ्या तपासण्या मिळून अर्धा दिवस जात नाही, तरी प्रत्यक्षात त्या आठवडे खातात. का? कारण त्या बिल टेबलावर आल्यावर सुरू होतात. आणि काही ठिकाणी, हे स्पष्ट लिहिले पाहिजे, त्या मुद्दाम तिथे ठेवलेल्या असतात. पैसे लांबवायचे असले की कॅन्सल चेकवर नाव छापलेले नाही, पॅनची प्रत अंधुक आहे, उद्यमचे नवे प्रमाणपत्र हवे, असे एकेक निघत जाते. लहान पुरवठादार प्रत्येक वेळी नवा कागद पाठवतो आणि प्रत्येक वेळी पंधरा दिवस वाट पाहतो. कागद मागण्याच्या योग्य कारणावर हा डाग इथून पडतो.

कायदा मात्र खरेदीदाराच्या बाजूने नाही. पुरवठादार उद्यमवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसल्यास पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. हे दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात. माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते, पण ती मालाबद्दल किंवा सेवेबद्दल. कॅन्सल चेकच्या रंगाबद्दल नाही. मुदत चुकली तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय आयकरात तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा मिळत नाही. ही तरतूद 1 एप्रिल 2023 पासूनच्या खर्चांना लागू झाली. म्हणजे उद्यम क्रमांक हा कागद आपण स्वतःच्या सोयीसाठी मागायला हवा, आणि तोही सुरुवातीलाच, कारण आपले घड्याळ किती दिवसांचे आहे हे त्यावरूनच कळते. ज्या संस्थेला आपल्या पुरवठादारांपैकी कोण उद्यमवर आहे हे माहीत नाही, तिला मार्चअखेर किती रक्कम थकलेली आहे हेही माहीत नसते.

मागायचे ते मागावे, पण मागण्यालाही हद्द असावी. तीस हजारांच्या कामासाठी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, मालकाचे आधार, घराचा करारनामा मागणारे फॉर्म मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकही कागद कोणी उघडून पाहत नाही. न पाहता साठवलेला आधार हा पुरवठादारासाठी निव्वळ धोका आहे, आणि आपली फाइल उद्या कुठे फिरेल याचा भरवसा आपल्यालाही नसतो. जो कागद कोणीतरी वाचून त्यावर काही ठरवणार आहे, तेवढाच मागावा. पॅन ठरवतो कपातीचा दर, जीएसटीची स्थिती ठरवते इनपुट, बँकेचा तपशील ठरवतो पैशाची वाट, उद्यम ठरवते मुदत. यापलीकडचा प्रत्येक रकाना कोणासाठी आहे, हे फॉर्म बनवणाऱ्याला विचारावे. ठेकेदारानेही कॅन्सल चेकवर सही करू नये, दोन तिरक्या रेघांमध्ये "रद्द" लिहून द्यावा. सही असलेला चेक मागणाऱ्याला ती का हवी, असे विचारायचा त्याला हक्क आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही: माहिती फक्त एका बाजूने जाते. नव्या पुरवठादाराकडून आपण सगळे घेतो, पण त्याला आपला जीएसटी क्रमांक, बिल कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या नावाने काढायचे, आपला टॅन, टीडीएस किती टक्के कापणार, पैसे कोणत्या तारखेला जाणार, आणि अडले तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर देत नाही. मग तो चुकीच्या क्रमांकावर बिल काढतो, बिल परत जाते, आणि पुन्हा महिना जातो. कोल्हापूरच्या त्या कारखान्याने ऑर्डर दिली त्याच दिवशी आपला असा एक पानी कागद ठेकेदाराला दिला असता आणि त्याच दिवशी त्याचे चार कागद घेतले असते, तर आठ दिवस उरले असतानाही 99 हजार दुसऱ्या दिवशी गेले असते. पुढे तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरले गेले की ते कापलेले हजार रुपये आपल्या पॅनवर जमा झाले की नाही, हे ठेकेदाराला आयकर पोर्टलवर स्वतःच पाहता आले असते. ते तिथे दिसले नाहीत, तर पॅनचे एखादे अक्षर चुकले आहे, आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी कोणाला फोन करायचा, हे त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेले असते.